नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही!

परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरणं हा आपल्याकडे एक सोहळाच असतो. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, चार पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी... शेजारपाजारच्याही एकेक डबा आणून देतात. मग वजनकाट्यावर बॅग जड भरते आणि कुठला डबा काढायचा यावरून आईच्या डोळ्यांत पाणी! पण मैत्रिणींनो, एक साधा हिशोब करा. बॅगेतला खाऊ पुरतो फार तर दीड महिना. मुलं जातात तीन-तीन, पाच-पाच वर्षांसाठी. उरलेल्या दिवसांत ती काय खाणार, याचा विचार आपण बॅगेइतका मन लावून करतो का?

पूर्वी हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा वाटायचा. आता तो आपल्या गल्लीत आलाय. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला. वृद्धांची सेवा, शेती, कारखाने अशा कामांसाठी आपली मुलं-मुली तिकडे जाऊ लागली. टोकियोत निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे साधारण २००० सालापासून भारतीय कुटुंबं वस्ती करून आहेत, डाळ-पिठाची दुकानं आहेत. पण वृद्धाश्रमात कामाला जाणारी मुलगी निशी-कासाईत उतरत नाही. ती उतरते एखाद्या लहान गावात. तिथे एक सुपरमार्केट आणि एक चोवीस तास उघडं असणारं दुकान, बस्स.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथल्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी नर्सिंग करून अशीच जपानला निघाली. घर वारकरी, मुलीच्या गळ्यात माळ. पाठवणाऱ्या संस्थेनं सांगितलं, “काही काळजी करू नका, तिकडे शाकाहारी सगळं मिळतं. भात खातात ते लोक!” त्याच सुमारास इथे सांगलीत आमच्या कॉलनीतल्या मुलाचंही जपानच्या कारखान्यात काम ठरलं. तो सगळं खातो, फक्त शेंगदाणा चालत नाही. लहानपणी एकदा कोशिंबिरीतल्या कुटानं त्याचे ओठ सुजले, श्वास लागला, दवाखान्यात पळवावं लागलं. त्याची आई मला म्हणाली, “वहिनी, त्या मुलीचं काय ते बघा. आमच्याला एवढं एक दाणकूट सोडलं की झालं.”

मला वाटतं, या दोन्ही घरांची समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी मुलीचं बघू. जपानी जेवणात मटणाचा तुकडा दिसला तर तो बाजूला काढता येईल. अडचण आहे ती न दिसणाऱ्या माशाची. आपल्याकडे जसा फोडणीशिवाय स्वयंपाक नाही, तसा तिकडे ‘दाशी’शिवाय नाही. दाशी म्हणजे चवीचं पाणी. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवतात, त्याचा कीस पाण्यात घालून गाळून घेतात. झाली दाशी! काही घरांत त्यासाठी वाळवलेली बारीक मासळी वापरतात. हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, नूडल्सच्या रश्शात असतं, शिजवलेल्या मुळा-गाजरात असतं, भजी बुडवायच्या चटणीतही असतं. बाऊलमध्ये मासा औषधालासुद्धा दिसत नाही. वर आलेला पालकही नुसता उकडलेला वाटतो, पण त्यावर भुरभुरलेला तो गुलाबीसर कीस माशाचाच!

मग विचारलं तर सांगणार नाहीत का? सांगतील की. तिथली माणसं अतिशय नम्र. पण प्रश्न चुकला तर उत्तरही चुकतं. ‘निकु’ म्हणजे मांस. आपण म्हणालो, “निकु नको,” तर ते कोंबडी, डुक्कर, गाय वगळतात आणि मासा प्रेमानं वाढतात. कारण त्यांच्या बोलण्यात निकुमध्ये मासा येत नाही. ‘बेजितारियन’ हा इंग्रजीवरून आलेला शब्द आहे, पण त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे. भाज्या भरपूर असल्या की झालं, असंही अनेकांना वाटतं. म्हणून आपण कोण आहोत हे सांगून उपयोग नाही, काय चालत नाही हे एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. मांस, मासा, कोळंबी, अंडं, आणि शेवटी आवर्जून, “कात्सुओ-दाशीसुद्धा नको.” हे पाच-सहा शब्द जपानी लिपीत एका जाड कागदावर शिकवणीच्या बाईंकडूनच लिहून घ्यावेत आणि तो कागद पाकिटात ठेवावा. तोंडी उच्चारात गोंधळ होतो, कागदात होत नाही.

पाकिटबंद पदार्थांची गंमत वेगळीच. आपल्याकडे हिरवा ठिपका बघायची सवय. जपानमध्ये असा सक्तीचा ठिपका नाही. पाकिटामागे घटकांची यादी असते, जास्त वजनाचा घटक आधी आणि कमी वजनाचा नंतर. त्याच यादीत अॅलर्जीचे पदार्थ दाखवावे लागतात. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, ‘सोबा’ नावाचं कुट्टूसारखं धान्य, हे दाखवण्याची सक्ती आहे. २०२३ मध्ये त्यात अक्रोडाची भर पडली. आपल्या मुलीला वाटतं, वा! अॅलर्जीच्या चौकटीत कोळंबी नाही, अंडं नाही, म्हणजे हे आपल्याला चालेल. इथेच फसगत होते. कात्सुओ मासा त्या अॅलर्जीच्या पदार्थांत मोडतच नाही! चौकट कोरी असली तरी वरच्या यादीत ‘कात्सुओ एक्किसु’ म्हणजे माशाचा अर्क असू शकतो. बटाट्याच्या वेफर्समध्ये कोंबडीचा अर्क, कढी-मसाल्याच्या वडीत गाय-डुकराची चरबी, दह्यात जिलेटिन हे सगळं तिथे नेहमीचं आहे. म्हणून शाकाहारी माणसानं चौकटीवर न थांबता पूर्ण यादी वाचायला हवी. एकच शब्द तिथे कधी एका लिपीत, कधी दुसऱ्या लिपीत लिहिलेला असतो. ‘कात्सुओ’, ‘निकु’, ‘एक्किसु’, ‘जिलेटिन’ असे दहा-बारा शब्द सगळ्या रूपांत नजरेला ओळखता आले पाहिजेत.

या मुली जायच्या आधी सहा-आठ महिने जपानी भाषेच्या वर्गाला जातात. तिथे स्वतःची ओळख, वेळ सांगणं, रस्ता विचारणं सगळं शिकवतात. माझं म्हणणं एवढंच, की त्यात एक दिवस बिस्किटाचं नि नूडल्सचं रिकामं पाकीट घेऊन त्याची मागची बाजू वाचायला शिकवा. याला वेगळी फी नको आणि पुस्तकही नको. पण पालकांनी मागणी केल्याशिवाय हे होणार नाही.

आता खायचं काय? या मुलीला राहायला एक खोली, एक विजेची शेगडी आणि भाताचा लहान कुकर मिळणार होता. आम्ही चार जणी बसलो आणि तिच्या आठवड्याचा बेत ठरवला. मुख्य आधार भाताचा. तो चिकट असतो, पण आमटीबरोबर छान लागतो. तूरडाळीचा हट्ट सोडायचा, कारण ती प्रेशर कुकरशिवाय लवकर शिजत नाही. मसूरडाळ किंवा मूगडाळ अर्धा तास भिजवली की उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत होते. डाळी भारतीय दुकानातून घरपोच मागवता येतात. महिन्याला दोन किलो एका माणसाला पुष्कळ झाल्या. भाज्यांत कोबी, गाजर, मुळा, वांगं, पालक, भोपळा सहज मिळतात. भेंडीला तर ते ‘ओकुरा’च म्हणतात!

आणि प्रथिनांसाठी सोयाबीन. मला याची गंमत वाटते. आपल्या सांगली-साताऱ्यात सोयाबीनचं एवढं पीक निघतं, पण ते आपल्या ताटात क्वचितच येतं. तिकडे त्याचंच टोफू होतं. ‘मोमेन’ म्हणजे घट्ट टोफू. ‘आत्सुआगे’ म्हणजे तळलेला जाड टोफू. यावर उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढायचं, तुकडे करायचे आणि पनीरसारखे भाजीत टाकायचे. ओल्या सोयाबीनच्या मीठ लावून उकडलेल्या शेंगाही मिळतात, अगदी आपल्या हरभऱ्याच्या घाट्यांसारख्या सोलून खायच्या. ‘नात्तो’ म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. ते तार सुटणारं असतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही. पण आवडलं तर एक लक्षात ठेवायचं. डबीत जी रश्शाची लहान पुडी असते तिच्यात बहुधा माशाचा अर्क असतो. पुडी टाकून द्यायची आणि मीठ, तिखट, कच्चा कांदा घालून खायचं.

मिसो सूपही घरी करता येतं. ‘कोम्बु’ नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या शिताके अळंब्या मिळतात. एक लिटर पाण्यात कोम्बुचा दहा ग्रॅमचा तुकडा आणि दोन-तीन अळंब्या घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी चवीचं पाणी तयार! ते गरम करून, आच बंद केल्यावर वाटीमागे चमचाभर मिसो विरघळवायचा. मिसो घेतानाही पाकीट बघायचं, कारण काही मिसोत दाशी आधीच घातलेली असते. हा शोध काही आपला नाही बरं का. जपानमधल्या बौद्ध मठांत शतकानुशतकं याच पाण्यावर स्वयंपाक होतो. त्याला ‘शोजिन र्योरी’ म्हणतात. त्यात मांस-मासा तर नसतोच, परंपरेनं कांदा-लसूणही नसतो. आपल्या सांगलीतल्या जैन मैत्रिणींना हे ऐकून बरं वाटेल. मात्र त्यात मुळा, कमळकाकडी अशी कंदमुळं असतात, तेव्हा कडक नियम पाळणाऱ्यांनी तेवढं विचारावंच.

बाहेर अडकलं तर? चोवीस तास उघड्या दुकानात नुसत्या मिठाच्या भाताचा गोळा मिळतो, ‘शिओ-मुसुबी’. केळी असतात, भाजलेलं रताळं बऱ्याच दुकानांत असतं. आंबट उमे घातलेला भातगोळा बरा वाटतो, पण काही उमेत कात्सुओचा कीस मिसळतात. म्हणून तोही यादी वाचूनच.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न होता, तो मी त्या ताईंना नव्हे, मुलीलाच विचारला. “तुझी रेघ कुठे?” ज्या पावात अंडं आहे तो चालेल का? ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलातली भोपळ्याची भजी चालतील का? आणि मुख्य म्हणजे, वृद्धाश्रमात आजी-आजोबांना माशाची पेज आपल्या हातानं भरवावी लागेल, ते जमेल का? ताई गप्प झाल्या. संस्थेनं हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, “भरवेन काकू. ते सेवेचं काम आहे. पण मी खाणार नाही. आणि दाशीसुद्धा नको.” तिनं आपली रेघ आपणच आखली आणि वहीत लिहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नेम ज्याचा, रेघ त्याची. आई-बापांनी इथून फोनवर “तू तिथे अंडं तर खात नाहीस ना?” असं दर आठवड्याला विचारायचं नाही. आणि “जाऊ दे गं, परदेशात सगळं चालतं,” असंही नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तिथल्या थंडीत त्यांनी आपला शाकाहार सांभाळला. त्यांना विचारायला कुणी नव्हतं. आज आपल्या मुलींना निदान आपण बसवून विचारू शकतो.

आता सांगलीच्या त्या मुलाकडे. नेमाची रेघ आपण आखतो, अॅलर्जीची रेघ शरीर आखतं. तिथे ‘थोडंसं चालेल’ हा शब्दच नाही. इथे तो आजवर सुरक्षित राहिला कारण आईला ठाऊक होतं, कुठल्या भाजीत कूट आहे, कुठल्या चटणीत आहे. कूट हे आपल्याकडे डोळ्यांसमोर असतं. शेजारच्या घरीही “त्याला दाणे नकोत हं,” एवढं पुरायचं. तिथे हे जाणारं आईचं ज्ञान त्याच्याबरोबर जात नाही.

जपानी लोक शेंगदाणा आपल्याइतका वापरत नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. पण जिथे असतो तिथे दडलेला असतो. काही कढी-मसाल्याच्या वड्यांत, तिळाच्या रश्शाच्या नूडल्समध्ये, चॉकलेटमध्ये, तीळ घातलेल्या सॅलडच्या चटणीत कधीकधी. पाकिटावर तो ‘राक्कासेइ’ किंवा ‘पिनात्सु’ अशा दोन नावांनी येतो, दोन्ही यायला हवीत. पाकिटबंद वस्तूवर तो लिहिण्याची सक्ती आहे, म्हणून पाकीट हा त्याचा मित्र. उलट हॉटेलात, बेकरीत किंवा समोर तोलून देणाऱ्या भाजीच्या काउंटरवर ही सक्ती लागू नाही. म्हणून सुरुवातीचे काही महिने काउंटरवरचं उघडं अन्न टाळायचं. आणि सगळ्यात मोठा धोका कुठे? तर आपल्याच माणसांत! गणपतीला, संक्रांतीला मराठी मंडळी जमतील. साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, तिळगूळ... घरच्या चवीला आसुसलेला मुलगा तिथेच बेसावध होईल. तिथल्या ओळखीच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, लाजायचं नाही.

त्याच्या आईला मी म्हटलं, “वहिनी, दाणकूट सोडलं की झालं असं नाही. झालंच तर काय करायचं ते त्याला पाठ हवं.” अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि सोबत श्वास लागला, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर अॅलर्जीची गोळी घेऊन पडून राहायचं नाही. त्या वेळी लागतं ते अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. स्वतःच मांडीत टोचायची त्याची पेनसारखी सुई आपल्याकडे सहज मिळत नाही. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि २०११ पासून तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातही बसते. म्हणून इथल्या डॉक्टरांकडून अॅलर्जीचं इंग्रजी पत्र घेऊन जायचं, आणि तिथे विमा सुरू झाला की पहिल्या महिन्यातच डॉक्टर गाठून सुई लिहून घ्यायची. तिथे अॅम्ब्युलन्सचा नंबर ११९. ‘अरेरुगी’ एवढा शब्द उच्चारला तरी त्यांना कळतं.

शेवटी एक गोष्ट थोडी कडू सांगते. काही शाकाहारी मंडळी परदेशात एक युक्ती शिकवतात. “शाकाहारी सांगू नकोस, माशाची अॅलर्जी आहे म्हणून सांग, लगेच ऐकतात.” ऐकतात, हे खरं आहे. स्वयंपाकी बिचारा भांडी बदलतो, सुरी धुतो. मग तोच पाहुणा वेटरनं आणलेला पाव, “आता याच्यात काय असेल ते असो,” म्हणून खाऊन टाकतो. स्वयंपाक्याला काय वाटेल? की हे लोक अॅलर्जी उगीच सांगतात. त्यानंतर त्याच दारात आमच्या कॉलनीतला मुलगा खरोखर सांगेल, “मला शेंगदाणा चालत नाही,” तेव्हा त्याच्याकडे कोण लक्ष देणार? शिवाय युक्तीनं आपलंही भलं होत नाही. मासा वगळलेल्या ताटात डुकराची चरबी खुशाल येऊ शकते, कारण तिच्याबद्दल आपण बोललोच नाही! आपला नेम आहे तर नेम म्हणून सांगावा. जपानी माणसाला मठातला नेम समजतो. त्याला खोटं कारण लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बॅग भरायला बसाल तेव्हा एक डबा कमी भरा. ताज्या भाज्या, फळं, कढीपत्ता तर भरूच नका, तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ते तिथल्या विमानतळावरून आत जात नाही. त्याऐवजी वहीचं एक पान भरून द्या. वर मुलाची रेघ, त्याखाली जपानी लिपीतले ते शब्द, आणि त्याखाली स्वतःला करता येणारे चार पदार्थ. त्यांतला एकेक पदार्थ जायच्या आधी मुलानं, हो, मुलानंसुद्धा, आपल्या हातानं करून आपल्याला वाढलेला असू द्या.